तळणाच्या तेलावरची गाडी

चिखलीच्या एमआयडीसीत गोकुळचा फरसाणचा कारखाना होता. शेव, चिवडा, पापडी, मसाला शेंगदाणे. माल मेहकरपासून खामगावपर्यंत जायचा. कढईतलं पामतेल काही तळणांनंतर काळपट होई, मग ते तळणाच्या कामाचं राहत नसे. पूर्वी एक साबणवाला त्याचे डबे भरून घेऊन जायचा. नंतर गोकुळनं त्या तेलाचं बायोडिझेल करायचं मनावर घेतलं. पुण्याला जाऊन त्यानं प्रशिक्षण घेतलं, कारखान्याच्या मागच्या शेडमध्ये दोन टाक्या बसवल्या. तेल गाळायचं, तापवून त्यातलं पाणी उडवायचं, मग मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा टाकून ढवळायचं. खाली गाढं ग्लिसरीन बसतं. वरचं पातळ तेल धुवून, सुकवून घेतलं की झालं.

तो ते विकत नव्हता. कारखान्याचा जनरेटर आणि माल पोचवणारा जुना टेम्पो, एवढंच त्यावर चालायचं. सुरुवातीला टेम्पोनं त्याला बराच त्रास दिला. दोनदा डिझेल फिल्टर तुंबला. खामगाव रोडला रज्जाकचं गॅरेज आहे, तो टेम्पोचं सगळं काम बघायचा. त्यानं फिल्टर उलटा केला, तर आतून काळा चिखल निघाला.

"तेल तुमचं साफ आहे गोकुळभाऊ," रज्जाक म्हणाला होता. "पण हे तेल धुवून काढते. टाकीत इतक्या वर्षांचा गाळ बसेल होता, तो सुटून इकडं येऊन राह्यला. अजून एकदा बदलावं लागंल. मग नाई तुंबायचा."

झालंही तसंच. तिसऱ्या फिल्टरनंतर टेम्पो सुरळीत चालू लागला. एक जुनी रबरी नळी मऊ पडून पाझरायला लागली होती, तीही रज्जाकनं बदलली. अख्खा उन्हाळा आणि पावसाळा टेम्पो त्या तेलावर धावला. मागून जाणाऱ्याला शेव तळल्यासारखा वास यायचा आणि गोकुळला त्याचा फार अभिमान वाटायचा.

गोकुळची बायको जयमाला जनावरांची डॉक्टर. माहेर जळगाव जामोदचं, शिक्षण अकोल्याचं. चिखलीत तिचा स्वतःचा दवाखाना होता, पण बरंचसं काम खेड्यांतच असायचं. त्यासाठी तिनं त्याच वर्षी नवी डिझेल गाडी घेतली होती. गोकुळनं गाडीत आपलं तेल टाकायचा विषय काढला तेव्हा तिनं आधी गाडीचं पुस्तक उघडलं.

"यात सात टक्क्यांपर्यंत चालते म्हणून लिहिलंय," ती म्हणाली. "त्याच्या वर टाकलं आणि त्यामुळं काही बिघडलं, तर वॉरंटी नाही. आणि पंपावरच्या डिझेलात आधीच थोडं मिसळलेलं असू शकते."

"मग मी थोडंसंच टाकतो. नावाले."

"नावालेच टाका."

गाडीत डिझेल भरायचं काम पहिल्यापासून गोकुळकडेच होतं. तो आठवड्यातून एकदा गाडी कारखान्यावर न्यायचा आणि टाकी भरून आणायचा. पहिल्या वेळी त्यानं खरंच नावाला टाकलं. पुढच्या वेळी थोडं जास्त. गाडीला काहीच झालं नाही. उलट इंजिनाचा आवाज मऊ झाल्यासारखा त्याला वाटला. नव्या टाकीत गाळ कुठून येणार, मग फिल्टर तुंबायचा प्रश्नच नाही, असा त्याचा हिशेब. दिवाळीपर्यंत निम्मं तेल कारखान्याचं असायचं, आणि डिसेंबर लागला तेव्हा निम्म्याहूनही जास्त. जयमालाला त्यानं हे सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं.

त्या वर्षी डिसेंबरच्या मध्यावर थंडी एकाएकी वाढली. हरभऱ्यावर दहिवर दिसायला लागलं. अशाच एका सकाळी, उजाडायच्या सुमारास, उंद्रीच्या भगवंतरावांचा फोन आला.

"मॅडम, म्हैस अडली. पाणमोट फुटून बराच वेळ झाला. एक पाय दिसते, बाकी काईच नाई."

"पाय पुढचा का मागचा?"

"पुढचा वाटते."

"कोणी हात घालू नका. ओढू तर बिलकूल नका. मी निघालेच."

तिनं पेटी घेतली, लशींचा थंड डबा मागे होताच, आणि अंगणात उभी असलेली गाडी चालू केली. गाडी नेहमीसारखी सुरू झाली. गावाबाहेर पडेपर्यंत काही जाणवलं नाही. मग चढावर ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना. समोर पिवळा दिवा लागला. तिनं गिअर खाली घेतला, गाडी दोन धक्के देऊन आणखी मंद झाली आणि शेवटी रस्त्याच्या कडेला बंद पडली.

दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, धुकं, आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती थोडी थांबली, पुन्हा स्टार्टर मारला. गाडी सुरू झाली. तिला हायसं वाटलं. पण जेमतेम पुढच्या वळणापर्यंत गेली आणि पुन्हा तशीच दमून उभी राहिली. डिझेल तर अर्ध्या टाकीच्या वर दिसत होतं.

तिनं भगवंतरावांना फोन केला. "माझी गाडी बंद पडली. कोणाला तरी पाठवा. उंद्रीकडूनच येऊ द्या, मी रस्त्यावरच आहे."

मग तिनं गोकुळला फोन केला. तो झोपेतून उठला होता. तिनं काय झालं ते सांगितलं. तो म्हणाला, "तू जा. गाडी लॉक करून जा. मी रज्जाकभाईला घेऊन येतो."

भगवंतरावांचा मुलगा प्रेम मोटरसायकल घेऊन आला. पेटी पुढे टाकीवर, मागे जयमाला, आणि समोरून अंगाला टोचणारं वारं. गोठ्यात पोचली तेव्हा ऊन पडलं होतं. म्हैस आडवी झाली होती आणि कण्हणंही तिनं सोडून दिलं होतं.

जयमालानं कोपरापर्यंत हात साबणानं धुतले, म्हशीच्या शेपटीच्या मुळाशी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि हात आत घातला. पारडाची मान मागे वळलेली होती. एक पाय बाहेर, दुसरा आत दुमडलेला. असं पारडू कितीही ओढलं तरी येत नाही. आधी त्याला आत ढकलावं लागतं, जागा करावी लागते आणि मग मान सरळ करून आणावी लागते. तिनं पारडाच्या तोंडात बोट घातलं. जिवंत पारडू बोट चोखतं. यानं चोखलं नाही. तिनं डोळ्याला हलकेच स्पर्श केला. पापणी हलली नाही.

"पारडू गेलंय भाऊ," ती म्हणाली. "आता म्हैस वाचवू."

भगवंतरावांनी मान हलवली. त्यांची बायको गीताबाई गरम पाण्याची बादली घेऊन उभी होती. तिनं बादली खाली ठेवली आणि म्हशीच्या कपाळावर हात ठेवून तिच्याजवळ बसली.

मान सरळ व्हायला पुष्कळ वेळ लागला. प्रेमनं आणि भगवंतरावांनी तिच्या सांगण्याप्रमाणे, म्हशीच्या कळेबरोबर, दोर ओढला. पारडू बाहेर आलं. मादी होती, अंगानं चांगली भरलेली वगार. जयमालानं म्हशीला सलाईन लावलं, कॅल्शियम दिलं. ऊन वर चढलं तेव्हा म्हशीनं मान उचलून पाणी घेतलं.

गीताबाईनं चहा आणला. पेला हातात घेताना जयमालाला तेवढंच एक विचारावंसं वाटलं. "रात्री हालचाल होती का हो पोटात?"

"पहाटपरत होती," गीताबाई म्हणाली. "मी हात लावून पाह्यलं होतं."

जयमालानं पेला तसाच खाली ठेवला. आधी पोचली असती तर पारडू वाचलंच असतं असं छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. वाचलं नसतं असंही सांगता येत नव्हतं.

प्रेमनं तिला गॅरेजवर आणून सोडलं तेव्हा गाडी तिथं उभी होती आणि इंजिन चालू होतं. गोकुळ बाजूला उभा होता. रज्जाक बॉनेटमध्ये वाकलेला.

"वहिनी, हे अजबच आहे," रज्जाक म्हणाला. "आम्ही ओढून आणली. उन्हात ठेवली, अन् आता चांगली चालून राह्यली. मले वाटलं पाणी असंल डिझेलात. फिल्टरच्या खालचा स्क्रू ढिला करून पाह्यलं, पाणी काही खास नाई निघालं."

"आतलं डिझेल काढता येईल थोडं?"

त्यानं फिल्टरच्या नळीतून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत डिझेल काढलं. पिवळसर, स्वच्छ, पलीकडचा हात दिसावा असं. जयमालानं ते उन्हात धरून पाहिलं. मग ती म्हणाली, "पंपावरचं साधं डिझेल आहे का तुमच्याजवळ?"

रज्जाकनं एका कॅनमधून दुसरी बाटली भरली. तिनं गाडीतला लशींचा डबा उघडला, लशींच्या कुप्या काढून गॅरेजशेजारच्या मेडिकलच्या फ्रिजमध्ये ठेवायला दिल्या, आणि बर्फाच्या थैल्यांच्या मध्ये दोन्ही बाटल्या ठेवून झाकण लावलं. गोकुळ हे सगळं नुसतं बघत होता.

रज्जाकनं तोवर एका ट्रॅक्टरचं निम्मं काम उरकलं. मग तिनं डबा उघडला. पंपावरच्या डिझेलची बाटली होती तशी होती. गाडीतल्या तेलाची बाटली दुधाळ झाली होती. तळाशी पांढरे कण जमले होते आणि बाटली तिरकी केली की ते सावकाश सरकत होते.

"हे तर डालड्यावानी झालं," रज्जाक म्हणाला.

"पामतेल आहे," जयमाला म्हणाली. "थंडीत आपल्या स्वयंपाकघरातही असंच थिजते. डिझेल केलं तरी त्याचा तो गुण जात नाही. हे कण फिल्टरच्या कागदावर बसले असतील. इंजिनले डिझेलच मिळालं नाही. थोडा वेळ उभी राहिली की इंजिनाच्या गर्मीनं थोडं वितळे, म्हणून पुन्हा चालू होई. ऊन पडलं, सगळंच वितळलं."

"पण टेम्पोले असं कधी झालं नाई," रज्जाक म्हणाला.

यावर गोकुळ पहिल्यांदा बोलला. "टेम्पो भट्टीच्या भिंतीले लागून उभा राह्यते. अन् तो निघते दहाच्या पुढं."

रज्जाकनं चिंधीला हात पुसले आणि तो स्पॅनर घेऊन ट्रॅक्टरकडे गेला. नवरा-बायकोत आता काय बोलणं व्हायचं ते आपल्यासमोर नको, हे त्याला कळत होतं.

"किती होतं टाकीत?" जयमालानं विचारलं.

"निम्म्याच्या वर."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून निम्मं. मग वाढवत गेलो."

"मले काऊन नाही सांगितलं?"

गोकुळ बाटलीकडे बघत राहिला. "तू नको म्हटली असती."

"हाव. म्हटली असती."

एवढंच बोलून ती गाडीत बसली. गोकुळनं गाडी घरी आणली. दारात गाडी थांबल्यावर ती म्हणाली, "वगार होती. पहाटेपर्यंत जिवंत होती म्हणे." आणि आत गेली.

गोकुळ गाडीतच बसून राहिला. ती रागावली असती तर त्याला उत्तर देता आलं असतं. कारखान्यातलं तेल वाया जाऊ नये म्हणून केलं, गावात पहिला प्रयोग आपला, हे सगळं त्याच्याजवळ तयार होतं. पण या वाक्याला त्यातलं काहीच लागू पडत नव्हतं.

संध्याकाळी त्यानं टाकी रिकामी करवून घेतली आणि पंपावरचं डिझेल भरलं. रज्जाकनं फिल्टर बदलला. पण समोरचा पिवळा दिवा गेला नाही, आणि रज्जाकनं इंजिन ऑइलची पट्टी काढून बघितली तेव्हा त्याच्या कपाळाला आठी पडली. ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वरच्या खुणेच्याही वर गेलं होतं.

"हे काऊन, ते मले पक्कं नाई सांगता येत," तो म्हणाला. "नव्या गाडीची तपासायची मशीन कंपनीकडंच आहे. बुलढाण्याले दाखवा. तोवर जास्त चालवू नका."

दोन दिवसांनी दोघं मिळून बुलढाण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. वाटेत गोकुळनं विचारलं, "तिथं काय सांगायचं?"

"तुमचं तुम्ही ठरवा," जयमाला म्हणाली.

त्यानं ठरवलेलं काहीच नव्हतं. कुठल्या तरी पंपावर भेसळीचं डिझेल मिळालं असं सांगता आलं असतं. असं लोक सांगतात, आणि कधी कधी ते खरंही असतं. सर्व्हिस सेंटरमध्ये वंदना नावाची सल्लागार होती, शांत बोलणारी. तिनं गाडीला कॉम्प्युटर जोडला, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, "इंधनाचा दाब पडल्याची नोंद आहे. डिझेल कुठं भरलं होतं, सर?"

गोकुळनं जयमालाकडे बघितलं. ती काचेबाहेर, पलीकडच्या रस्त्यावर थांबलेल्या एसटीकडे बघत होती.

"पंपावरचं नव्हतं," तो म्हणाला. "माझं स्वतःचं बायोडिझेल आहे. तळणाच्या तेलाचं. दिवाळीपासून निम्मं, मग त्याहून जास्त टाकत होतो. मॅडमले माहीत नव्हतं."

वंदनानं लिहायचं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. "सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर आम्ही उगाच सेन्सर बदलत बसलो असतो."

मग तिनं ऑइल वाढण्याचं कारण सांगितलं. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. तो साफ करायला गाडी इंजिनात जादा डिझेल सोडून ती काजळी जाळते. त्यातलं थोडं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. साधं डिझेल इंजिन तापलं की बरंचसं उडून जातं. बायोडिझेल तेवढ्या सहज उडत नाही, ते ऑइलमध्येच राहतं आणि ऑइल पातळ करतं.

"मॅडम जवळ-जवळच्या गावांना जात असतील," वंदना म्हणाली. "म्हणजे गाडी पुरती तापत नाही, साफसफाई अर्धवट राहते आणि परत परत होते. अजून काही महिने असंच चाललं असतं तर इंजिनाची झीज झाली असती."

"मग आता वॉरंटी गेली का?" गोकुळनं विचारलं.

"सगळी नाही जात. गिअर, स्टिअरिंग, एसी, वायरिंग, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण इंजेक्टर, पंप, इंधनाची लाइन, ती काजळीची चाळणी, यात पुढं काही निघालं तर कंपनी आधी तपासणार, आणि या तेलामुळं झालं असं ठरलं तर तो खर्च तुमचा. आजचं ऑइल आणि फिल्टर तर वॉरंटीत येतच नाहीत. मला इंधनाची नोंद करावी लागेल."

"करा," गोकुळ म्हणाला.

इंजेक्टर तपासले, ते ठीक निघाले. ऑइल बदललं, चाळणीची साफसफाई मशीनवर पूर्ण करून घेतली आणि पिवळा दिवा गेला. परत येताना गाडी जयमाला चालवत होती. चिखलीच्या अलीकडे तिनं गोकुळला विचारलं, "शेडमधल्या तेलाचं काय करता आता?"

"जनरेटर आहेच. तो आत असते, गरम जागेत. टेम्पोत उन्हाळ्यात घालीन. हिवाळ्यात त्याच्यातही पंपाचंच." थोड्या वेळानं तो म्हणाला, "तुझ्या गाडीत नाही."

"चालेल."

तिच्या आवाजातला ताण किंचित सैल झाला होता. पूर्ण गेला नव्हता.

त्याच आठवड्यात तिला उंद्रीला म्हैस तपासायला जायचं होतं. ती निघाली तेव्हा गोकुळ चपला घालून दारात उभा राहिला.

"मी येऊ का?"

"काऊन?"

"भगवंतरावांले भेटतो."

म्हैस उभी होती आणि कडबा खात होती. जयमालानं ताप बघितला, आतून तपासलं, दोन इंजेक्शनं दिली. तोवर गोकुळ गोठ्याबाहेर भगवंतरावांसोबत उभा होता. इकडचं तिकडचं बोलायला त्याला जमलं नाही. त्यानं सरळच सांगितलं, गाडी काऊन बंद पडली ते. आपण त्यात काय घातलं होतं ते. बायकोला न सांगता घातलं होतं, हेही.

भगवंतरावांनी ऐकून घेतलं. मग तंबाखू मळायला घेतली.

"मॅडमनं आमची म्हैस वाचवली," ते शेवटी म्हणाले. "वगार राह्यली असती तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी दुधाले आली असती." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "पण तुम्ही येऊन सांगितलं. असं कोणी येत नाई सांगाले."

आतून गीताबाईनं चहाला हाक मारली.

चहा पिताना भगवंतरावांनी विषय बदलला. विहिरीवर त्यांचं जुनं डिझेल इंजिन होतं, लाइट गेली की ते लावायचे.

"तुमचं ते तेल माह्या इंजिनात चालंल का?"

जयमालाचा हात पेल्यावर थांबला. ती गोकुळकडे बघत होती. आठवड्यापूर्वी असा प्रश्न कुणी विचारला असता तर त्यानं संध्याकाळी कॅन भरून आणला असता, हे दोघांनाही माहीत होतं.

"आता नाई," गोकुळ म्हणाला. "आता थंडी आहे, विहिरीवर इंजिन उघड्यावर राह्यते. होळी झाल्यावर पाहू. अन् तवाही सुरुवातीले थोडंच. पहिले दोन-तीन फिल्टर तुंबतील, तुमच्या टाकीतला जुना गाळ सुटंल, ते बदलावे लागतील. रबरी नळ्याही पाहाव्या लागतील. आधी रज्जाकभाईले इंजिन दाखवून घेऊ, ते हो म्हणाले तर."

"बरीच कटकट आहे," भगवंतराव म्हणाले.

"आहे," गोकुळ म्हणाला.

जयमालानं चहा संपवला, पेला खाली ठेवला आणि हसली. त्या सकाळनंतर ती पहिल्यांदाच हसत होती. म्हशीला संध्याकाळी कोमट पाणी द्या, चार दिवसांनी मी परत येते, असं गीताबाईला सांगून ती उठली.